लिव्हरचा आजार आणि खुंटलेली उंची: या चुका टाळा

आठ महिन्यांचं बाळ घेऊन आई येते आणि बसायच्या आधीच सांगते, "या वेळी वजन छान भरलंय हो, दोन महिन्यांत नऊशे ग्रॅम!" फाईलमध्ये आकडाही तोच असतो. मी बालरोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि लिव्हरच्या जुनाट आजाराच्या बाळाबद्दल हे वाक्य ऐकलं की मी आधी बाळाचा दंड बघते. पुढे ज्या बाळाचा हिशेब मांडला आहे ते तीन-चार बाळांचं मिळून केलेलं आहे. आकडे मात्र रोजच्या कामात दिसतात तसेच आहेत.

या बाळाला बिलिअरी अट्रेशिया होता, म्हणजे लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्या बंद पडण्याचा आजार. कावीळ दोन आठवड्यांनंतरही गेली नव्हती आणि शी पांढरट, मातकट होत होती, पण "उन्हात धरा, जाईल" असं म्हणण्यात दिवस गेले. ७४व्या दिवशी कसाई ऑपरेशन झालं. (हे नाव ऐकून आई दचकते, हमखास. मोरिओ कसाई हे जपानी सर्जन होते. त्यांनी ही शस्त्रक्रिया १९५९ मध्ये मांडली. आपल्या कसायाशी तिचा काही संबंध नाही, हे मी दर वेळी आवर्जून सांगते.) या ऑपरेशनमध्ये आतड्याचा एक भाग थेट लिव्हरला जोडून पित्ताला वाट करून देतात. ते ६० दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहण्याची शक्यता जास्त असते. या बाळाचं पित्त थोडंच वाहू लागलं आणि लिव्हर हळूहळू कडक होत गेलं.

पहिली चूक: वजनाच्या काट्यावर विश्वास

चौथ्या महिन्यात वजन ५.८ किलो आणि लांबी ६०.५ सेंमी होती. सहाव्या महिन्यात ६.५ किलो आणि ६२.९ सेंमी. आठव्या महिन्यात ७.४ किलो आणि ६४.५ सेंमी.

नुसतं वजन पाहिलं तर बाळ चांगलं चाललंय असं वाटतं. निरोगी मुलगा या शेवटच्या दोन महिन्यांत सरासरी सातशे ग्रॅम वाढतो, हा नऊशे वाढला. आता लांबी बघा. त्याच दोन महिन्यांत निरोगी मुलगा साधारण तीन सेंटिमीटर वाढतो, हा १.६ वाढला. आठ महिन्यांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात खालची मर्यादा ६६.२ सेंमी आहे. चौथ्या महिन्यात हा त्या रेषेच्या जरा वर होता, सहाव्यात किंचित खाली आला आणि आठव्यात बराच खाली.

मग नऊशे ग्रॅम आले कुठून? पोटात साठलेलं पाणी, वाढलेलं लिव्हर आणि वाढलेली प्लीहा. दंडाचा घेर सहाव्या महिन्यात १२.४ सेंमी होता, आठव्यात ११.७ झाला. पाणी पोटात साठतं, दंडात सहसा नाही, म्हणून दंड खरं सांगतो. सहा महिन्यांपुढच्या मुलांमध्ये घेर १२.५ च्या खाली गेला तर कुपोषण धरतात, ११.५ च्या खाली गेला तर तीव्र कुपोषण. पोट फुगलेलं, नडगी आणि दंड काटकुळे, आणि काटा मात्र खुश, असं चित्र दिसलं की वजन बाजूला ठेवून लांबी आणि दंड यांवरच भिस्त ठेवावी.

लांबी मोजण्यातही गफलत होते. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून, लाकडी फळीच्या इन्फँटोमीटरवर मोजायचं. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळपाय पट्टीला लावायचे. पलंगावर झोपवून शिंप्याची टेप लावली तर दोन सेंटिमीटर सहज इकडचे तिकडे होतात, आणि आपल्याला शोधायचा फरक नेमका तेवढाच असतो. दोन वर्षांनंतर उभं करून मोजू लागलं की आकडा साधारण ०.७ सेंमीने कमी येतो. त्याने घाबरू नये.

दुसरी चूक: काविळीचं पथ्य

माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. कावीळ म्हटली की घराघरांत एक ठरलेलं पथ्य असतं: तेल-तूप बंद, डाळ "जड" म्हणून बंद, उसाचा रस, मुळ्याचा रस, पातळ पेज. जोडीला कुणीतरी कावीळ उतरवून देतं, गळ्यात माळ घालतं. हे सगळं ज्या काविळीसाठी चालत आलं ती दूषित पाण्याची, मोठ्या माणसांची, चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होणारी कावीळ. त्यामुळे माळेचंही नाव होतं. पण वर्षभर टिकणाऱ्या आजारात हेच पथ्य बाळाला उपाशी ठेवतं.

या बाळाचा दिवस आईने लिहून आणला होता. वरचं दूध ६०० मिली, वरणाचं पाणी एक वाटी, भाताची पेज एक वाटी, अर्धं केळं. दुधाचे साधारण ४०० आणि बाकी सगळ्याचे मिळून जेमतेम १२५, म्हणजे एकूण सव्वापाचशे कॅलरी. पोटातलं पाणी वजा केलं तर बाळाचं खरं वजन साडेसहा किलोच्या आसपास धरता येतं. अशा बाळाला किलोमागे १३० ते १५० कॅलरी लागतात, म्हणजे ८५० ते ९७५. शिवाय पित्ताअभावी साध्या दुधातल्या फॅटचा मोठा वाटा पचतच नाही, शीवाटे जातो. शी तेलकट होते, लंगोट धुताना चिकट लागतो.

तेव्हा वाढवायचा तो घट्टपणा, पाणी नाही. पोट आधीच फुगलेलं असल्याने बाळ एका वेळी थोडंच पिऊ शकतं. वरणाच्या पाण्याऐवजी घोटलेली डाळ, पेजेऐवजी मूगडाळ-तांदळाची मऊ खिमटी. प्रोटीनही कमी करायचं नाही. बाळाला किलोमागे रोज ३ ते ४ ग्रॅम प्रोटीन लागतं आणि ते फक्त लिव्हरच्या बिघाडाने शुद्ध हरपू लागली तरच, डॉक्टर सांगतील तेवढंच कमी करतात. डब्यातल्या दुधाची पावडर मात्र स्वतःच्या अंदाजाने जास्त घालू नये, जुलाब लागतात. प्रमाण लिहून घ्यावं. एवढं करूनही भागलं नाही तर नाकातून नळी घालून रात्रभर हळूहळू दूध देतात. नळी म्हणजे शेवटची पायरी असा समज आहे. मला उलट वाटतं, लवकर घातली तर आई आणि बाळ दोघांनाही जरा झोप लागते.

फॅटबद्दल आणखी एक. मिडियम चेन ट्रायग्लिसराइड, म्हणजे एमसीटी तेल, पित्ताशिवायही शोषलं जातं. १० मिली तेलातून साधारण ७७ कॅलरी मिळतात. ते शिजवून उतरवलेल्या खिमटीत कालवायचं, फोडणीला वापरायचं नाही. कोकण-गोव्याकडच्या आया विचारतात, "खोबरेल चालेल ना?" चालतं, पण ते एमसीटी तेलाची जागा घेत नाही. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, आणि पित्ताशिवाय सहज शोषल्या जाणाऱ्या सगळ्यात आखूड साखळ्या त्यामानाने थोड्या. उलट नुसत्या एमसीटीवरच भर दिला तर शरीराला आवश्यक असलेली इतर स्निग्धाम्लं कमी पडतात. म्हणून खिमटीत थोडं रोजचं तेल राहू द्यायचं.

"डीचे थेंब तर चालूच आहेत"

हो, पण ते पोचतात का? ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटबरोबर शोषली जातात. निरोगी बाळाला रोज ४०० युनिट डी पुरतं, पित्त अडलेल्या बाळाला कित्येक पटींनी जास्त लागतं आणि कधी इंजेक्शनच द्यावं लागतं. या बाळाची मनगटं जाड झाली होती, बरगड्यांच्या टोकांना गाठी लागत होत्या. हा मुडदूस. हाडांची टोकं अशी मऊ राहिली की लांबी आणखी मागे पडते, आणि घरचे म्हणत राहतात, "थेंब तर आम्ही एकही दिवस चुकवले नाहीत." त्यांचं खरंच असतं. चुकतो तो डोस, आणि तो रक्ततपासणी करूनच ठरवायचा. मनाने वाढवलेलं डीसुद्धा घातक ठरतं. याच बाळाला हिरड्यांतून रक्त आलं किंवा सहज निळे डाग उमटले तर के कमी आहे असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

उंचीचं इंजेक्शन

नातेवाइकांत कुणीतरी ग्रोथ हॉर्मोनचं नाव काढतंच. वाढीचा निरोप मेंदूतल्या पिट्युइटरी ग्रंथीतून निघतो, पण तो हाडांपर्यंत पोचवणारा आयजीएफ-१ नावाचा पदार्थ बऱ्याच अंशी लिव्हर बनवतं. लिव्हर थकलं की ते या निरोपाला जुमानत नाही. रक्तात ग्रोथ हॉर्मोन भरपूर आणि आयजीएफ-१ कमी, असा उलटा अहवाल येतो. तिथे बाहेरून आणखी हॉर्मोन टोचणं म्हणजे दार न उघडणाऱ्या घराची बेल पुन्हा पुन्हा वाजवणं. याच कारणाने पोटभर खाऊनही काही मुलं वाढत नाहीत. तिथे आईच्या हाताला दोष देऊ नये. अलाजील सिंड्रोमसारख्या जनुकीय आजारात तर बुटकेपणाचं एक कारण जनुकातच असतं, आहाराने ते सगळं भरून निघत नाही.

"जरा मोठा होऊ दे, मग बघू"

प्रत्यारोपणाचा विषय निघाला की हे वाक्य येतं. लिव्हर साथ देत नसताना बाळ मोठं कसं होणार? कोणत्या मुलाला प्रत्यारोपणाची निकड जास्त हे ठरवण्यासाठी अमेरिकेत तयार झालेल्या पेल्ड गुणांकात बिलिरुबिन, आयएनआर, अल्ब्युमिन या रक्ततपासण्या आणि वय यांच्याबरोबर वाढ खुंटणं हाही घटक धरला होता. म्हणजे खुंटलेली उंची प्रत्यारोपण पुढे ढकलायला सांगत नाही, घाई करायला सांगते. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत लहान मुलाचं पहिलं यशस्वी लिव्हर प्रत्यारोपण झालं, तेही बिलिअरी अट्रेशियाच्या दीड वर्षाच्या बाळाचंच. थांबायचं ते काही आठवडे आहाराने बळ आणण्यापुरतं. ऑपरेशनच्या वेळी उंची जितकी मागे असेल तितकी ती पुढे पूर्ण भरून येणं अवघड जातं.

आपल्या बाळाला नळी घातली, एमसीटी आणि डीचं इंजेक्शन सुरू झालं. दंड १२.३ झाला. अकराव्या महिन्यात, ६६ सेंमी लांबीवर, आईच्या लिव्हरचा डावा तुकडा बसवला. त्यानंतरचे महिने घरच्यांना सगळ्यात जड गेले. गाल भरले, वजन वाढलं, लांबी मात्र रेंगाळली, कारण शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून सुरुवातीला स्टिरॉइड चालू होतं आणि त्याने उंची वाढणं मंदावतं. दीड वर्षाचा झाला तेव्हा ७०.५ सेंमी. "एवढं करून उंची तशीच," असं आजी म्हणाल्या. स्टिरॉइड कमी होत बंद झालं आणि पुढच्या सहा महिन्यांत तो साडेसहा सेंटिमीटर वाढला, निरोगी मुलापेक्षा एक सेंटिमीटर जास्तच. तिसऱ्या वाढदिवसाला, आता उभा राहून, ८८ सेंमी. तक्त्यातली खालची रेषा त्या वयाला ८८.७ वर आहे.