लॅपटॉपला मोबाईलचा ब्लूटूथ स्पीकर करताना या चुका टाळा

माझ्या मावशीकडे जुना लॅपटॉप आहे आणि त्याला वायरने जोडलेले दोन चांगले स्पीकर. सकाळी स्वयंपाक करताना मोबाईलवरचे अभंग त्या स्पीकरवर वाजावेत, एवढीच तिची इच्छा. तिने मोबाईल आणि लॅपटॉप ब्लूटूथने जोडले, दोन्हीकडे जोडल्याचा निरोप आला, पण आवाज मोबाईलमधूनच येत राहिला. "अरे, जोडलंय म्हणतोय, मग वाजत का नाही?" तिचा हा प्रश्न मला अनेक घरांत ऐकू येतो. उत्तर कळायला ब्लूटूथमधली एक गोष्ट माहीत हवी.

ब्लूटूथवर गाणी पाठवण्याच्या पद्धतीला A2DP म्हणतात. तीत एक उपकरण देणारं असतं आणि दुसरं घेणारं. मोबाईल देणारा, स्पीकर किंवा हेडफोन घेणारा. लॅपटॉपही एरवी देणाराच असतो. दोन देणारे एकमेकांशी जोडले गेले तरी घ्यायला कुणी नसतं. मावशीच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

यातून पहिली आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक होते, ती म्हणजे दुसरा मोबाईल स्पीकर म्हणून वापरायला जाणं. घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन घ्यायचा आणि नव्या फोनवरचं गाणं त्यावर वाजवायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण बाजारात मिळणाऱ्या फोनमध्ये घेणाऱ्याची भूमिका बंद ठेवलेली असते. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये ती आहे आणि गाड्यांमधल्या अँड्रॉइड यंत्रणेत ती चालू असते, पण हातातल्या फोनमध्ये सेटिंग बदलून ती मिळत नाही. आयफोनही ब्लूटूथवरून दुसऱ्याचं गाणं घेत नाही. 'तुमच्या फोनला ब्लूटूथ स्पीकर बनवा' असं सांगणारी अ‍ॅप उतरवू नका, कारण फोनमध्ये बंद असलेली भूमिका साधं अ‍ॅप चालू करू शकत नाही. सॅमसंगच्या फोनमधल्या Dual audio मुळेही पुष्कळांचा गोंधळ होतो. ती सोय एका फोनचा आवाज दोन स्पीकरना देण्यासाठी आहे, फोनला स्पीकर करण्यासाठी नाही. लॅपटॉपचा आवाज फोनवर आणायचा असेल तर SoundWire किंवा AudioRelay ही अ‍ॅप वाय-फायवरून ते काम करतात. फोनवरून फोनवर मात्र तेच गाणं दुसऱ्या फोनवर सरळ उघडणं सर्वांत सोपं.

लॅपटॉपचं तसं नाही, तो घेणारा होऊ शकतो. विंडोज ७ मध्ये ही सोय होती, पुढे ८ मध्ये ती गेली आणि विंडोज १० च्या मे २०२० मधल्या २००४ या आवृत्तीत परत आली. म्हणून आधी विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा, `winver` लिहा आणि आवृत्ती पाहा. आकडा 2004 किंवा त्यापुढचा, म्हणजे 20H2, 21H2, 22H2 असा असेल तर चालेल. विंडोज ११ असेल तर प्रश्नच नाही. मावशीच्या लॅपटॉपवर 1909 होती. मी आधी अपडेट केलं.

तरीही आवाज आला नाही, आणि इथे दुसरी चूक झाली होती. अपडेट झालं, पण मोबाईलची जोडणी जुनीच होती. पहिल्यांदा जोडताना मोबाईल समोरच्या उपकरणाला काय काय येतं ते विचारून नोंदवून ठेवतो. त्या वेळी लॅपटॉपला गाणी घेता येत नव्हती, तीच नोंद मोबाईलकडे राहिली. ओळखायची खूण अशी: मोबाईलच्या ब्लूटूथ यादीत लॅपटॉपच्या नावाशेजारच्या चाकावर दाबा. तिथे Media audio चं बटण दिसलंच नाही, तर नोंद जुनी आहे. मग मोबाईलवरून लॅपटॉप आणि लॅपटॉपवरून मोबाईल, दोन्हीकडून जोडणी काढून टाका आणि नव्याने जोडा. एकाच बाजूने काढली तर बहुतेकदा पुढची जोडणी अडते. नव्याने जोडल्यावर लॅपटॉपच्या Device Manager मध्ये Sound, video and game controllers खाली मोबाईलच्या नावापुढे A2DP SNK अशी ओळ दिसली, की लॅपटॉप घेणारा झाला. ती दिसत नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ब्लूटूथचा नवा ड्रायव्हर टाका आणि पुन्हा जोडा.

आता तिसरी गोष्ट, जी विंडोज स्वतःहून सांगत नाही. जोडणी झाली तरी विंडोज गाण्याचा मार्ग आपोआप उघडत नाही, तो एखाद्या अ‍ॅपने उघडावा लागतो. Microsoft Store मध्ये Bluetooth Audio Receiver नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते उघडा, यादीतून मोबाईल निवडा, Open Connection दाबा आणि मग मोबाईलवर गाणं लावा. अ‍ॅप बंद केलं की आवाजही बंद होतो, म्हणून खिडकी लहान करून ठेवा, फुलीवर दाबू नका. मावशीला मी हाच क्रम कागदावर लिहून फ्रिजवर लावून दिला. त्या दिवशी अभंग स्पीकरवर वाजले.

लिनक्सवर हा टप्पा सहसा लागत नाही, मोबाईल जोडला की आवाज येतो. मॅकवर ब्लूटूथच्या नादी न लागता एअरप्ले वापरा. २०२१ मध्ये आलेल्या macOS च्या मॉंटेरे या आवृत्तीपासून, २०१८ किंवा नंतरच्या मॅकबुक एअर आणि प्रोवर आयफोनचं गाणं वाय-फायवरून वाजतं.

चार दिवसांनी मावशीचा फोन आला, "आवाज तुटतोय रे." ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, घरातला जुना वाय-फायही तिथेच, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन्हींची चिप एकच असते. लॅपटॉपवर काही उतरवलं जात असेल तर गाण्याला जागा कमी पडते. राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर लॅपटॉप त्या नेटवर्कवर टाका. दुसरं कारण यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. तिच्यातून याच पट्ट्यात गोंगाट पसरतो, इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. मावशीकडे बाहेरचा ब्लूटूथ डोंगल होता आणि शेजारच्याच खाचेत हार्ड डिस्क. डोंगल दुसऱ्या बाजूला लावताच तुटणं थांबलं. तुमच्याकडे तशी खाच नसेल तर छोटी यूएसबी वाढीव वायर वापरा, हातभर अंतरही पुरतं.

लॅपटॉपला ब्लूटूथचाच स्पीकर असेल तर हा प्रकार टाळाच. एकाच रेडिओला मोबाईलकडून आवाज घ्यायचा आणि स्पीकरला द्यायचा अशी दुहेरी ओढ होते. त्यापेक्षा मोबाईल थेट त्या स्पीकरला जोडा.

फोन आल्यावर बोलणंही लॅपटॉपमधूनच येऊ लागलं, तर मोबाईलच्या त्याच चाकाच्या पानावर कॉलचं बटण बंद करा, Media audio चालू ठेवा. व्हिडिओसाठी मात्र या जोडणीकडून अपेक्षा ठेवू नका. आवाज साधारण पाव सेकंद मागे पडतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि विंडोजमध्ये तो उशीर कमी करायचं बटण नाही. गाण्याला याचा काहीच त्रास नाही.

आवाज बारीक येत असेल तर मोबाईल, लॅपटॉप आणि स्पीकर या तिन्हींचा आवाज तपासा. मोबाईलचा जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमीजास्त स्पीकरच्या खटक्याने करावं, म्हणजे खरखर कमी ऐकू येते. आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये यासाठी Power Options मध्ये Choose what closing the lid does मध्ये Do nothing निवडा. मावशीने पहिल्याच आठवड्यात पिठाच्या हातांनी झाकण लावलं होतं आणि अभंग मध्येच थांबला होता.