धान्याचा फोटो काढायच्या आधी: भोक, बुरशी की गाठ?

श्रावणात कोठी उघडली आणि गहू बिघडलेला दिसला, की आपण मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक फोटो काढतो आणि कृषी सहायकाला पाठवतो. अशा फोटोवरून त्यालाही फार काही सांगता येत नाही. म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी तीन वाट्या घ्या. एकीत कोठीच्या तोंडाजवळचे दाणे, दुसरीत मधले आणि तिसरीत भिंतीला टेकलेल्या बाजूचे किंवा तळाचे. प्रत्येक वाटीजवळ चिठ्ठी ठेवा, आणि ती फोटोत दिसू द्या. ओल बहुतेक झाकणाखाली आणि भिंतीकडे धरते. सोंडे मात्र धान्याच्या ढिगात आत, कुठंही एका जागी गोळा होतात. त्यामुळे दाणे कुठले, हे कळलं की अर्धं काम होतं.

तांदळासाठी काळं किंवा गडद कापड हवं. पांढऱ्या कागदावर पांढरी बुरशी दिसतच नाही. काळ्यावर मोबाइल स्वतःहून उजेड वाढवतो, म्हणून स्क्रीनवर दाण्यांवर बोट ठेवून उजेड कमी करा. गव्हाला साधा पांढरा कागद चालतो. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे भोकाचा आकार कळेल.

फ्लॅश बंद. सकाळी खिडकीशी किंवा ओसरीवर बसा, उजेड बाजूनं येऊ द्या. मग तेच दाणे न हलवता कागद अर्धा फिरवून दुसरा फोटो काढा. दाण्यावरचा काळा ठिपका दोन्ही फोटोंत सारखाच दिसतो. भोकातली सावली मात्र उजेड फिरला की बाजू बदलते. गव्हाच्या टोकाशी येणारा काळपटपणा शेतातलाच असतो. तो पाहून घुण लागला म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

सोंड्याचं भोक साधारण एक-दीड मिलिमीटरचं, टाचणीच्या डोक्याएवढं. मादी दाण्यात अंडं घालते, अळी आतच वाढते, आणि किडा बाहेर पडताना ते भोक पडतं. म्हणजे भोक दिसलं तेव्हा त्या दाण्यातला किडा निघून गेलेला असतो, आणि धडधाकट दिसणाऱ्या शेजारच्या दाण्यात दुसरा असू शकतो. म्हणून निवडक दाण्यांचा फोटो काढू नका. न पाहता शंभर दाणे मोजून घ्या, दहाच्या दहा ओळी लावा, आणि त्यात भोकाचे किती ते लिहा.

गाठींची भानगड वेगळी. भंडाऱ्याकडे आमच्या मावशीच्या पिंपात तांदळाच्या गाठी झाल्या होत्या. "पाणी लागलं असन बापा," मावशी म्हणाली, आणि पिंप उन्हात ठेवलं. दोन दिवसांनी गाठी तशाच. मग एक गाठ काळ्या कापडावर ठेवून मी तिचे तीन फोटो काढले: आहे तशी, बोटानं दाबल्यावर आणि दोन्हीकडून हळूच ओढल्यावर. तिसऱ्या फोटोत दाण्यांना धरून ठेवणारे बारीक रेशमी धागे दिसले. ती तांदळाच्या पतंगाच्या अळीची जाळी होती, पाण्याचा काही संबंध नव्हता. नुसत्या ओलीची गाठ दाबली की दाणे सुटे होतात; बुरशीची गाठ फुटते तेव्हा धुळीसारखं उडतं. तिला दाबताना तोंडावर फडकं बांधा, आणि वास नाकाशी नेऊन घेऊ नका. कुबट वास आला तर चिठ्ठीवर लिहा, फोटोत तो येत नाही.

पांढऱ्या भुकटीचाही घोळ होतो. थोडे दाणे कापडावर हळूच आपटा. पीठ झडून खाली पडलं तर ते किड्यांनी पाडलेलं. दाण्याला, विशेषतः कोंबाच्या टोकाला, लव चिकटून राहिली किंवा हिरवट-निळसर रंग दिसला, तर बुरशी. दोन्ही सोबतही सापडतात, कारण किड्यांची गर्दी झाली की तिथलं धान्य तापतं, दमट होतं आणि मग बुरशी धरते. बुरशीचं विष आहे की नाही हे फोटो सांगत नाही, आणि धुऊन-शिजवून ते खात्रीनं जात नाही. त्यामुळे तसे दाणे चाखून पाहू नका, कोंबड्यांनाही टाकू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर बारीकसारीक जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत धान्य कधी भरलं आणि भरण्याआधी किती ऊन दिलं, ते लिहा.

एक काम उरतं. मोजलेले शंभर दाणे काचेच्या बरणीत घाला, आलेले किडे काढून टाका, तोंडाला पातळ कापड बांधा आणि महिनाभर घरातच ठेवा. गेल्या वर्षी आमच्या गव्हात पहिल्या दिवशी शंभरात चार भोकाचे निघाले. चार आठवड्यांनी त्याच बरणीचा फोटो काढला, तेव्हा अकरा.