‘पर्यंत’ दिसलं की बाय की अंटिल?

इंग्रजीतल्या गाळलेल्या जागा भरताना मराठी माणूस हमखास अडखळतो तो बाय आणि अंटिलपाशी. दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे, ‘पर्यंत’. अशा वेळी मनातल्या मनात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा.

‘रिटर्न द बुक ___ एट.’ आठच्या आत पुस्तक परत कर. वाक्य चाललं, म्हणजे बाय. काम एकदाच करायचंय, फक्त मुदत ओलांडायची नाही. आता ‘द लायब्ररी इज ओपन ___ एट.’ वाचनालय आठच्या आत उघडं असतं? कानाला खटकतं, कारण उघडं असणं आठ वाजेपर्यंत सलग चालू राहतं. तिथे अंटिल.

नकारार्थी वाक्यात मात्र ही युक्ती फसते, तिथे क्रियापद नीट बघा. ‘ही डिडन्ट कम अंटिल टेन’ म्हणजे तो आला, पण दहाला. ‘ही हॅडन्ट कम बाय टेन’ म्हणजे दहा वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. पुढे आला की नाही, हे वाक्य सांगत नाही. माझे विद्यार्थी नेमके इथेच गुण घालवतात.