घरात भयाण शांतता नव्हतीच

वडील गेल्यानंतरच्या संध्याकाळवर मी कथा लिहायला घेतली, तेव्हा पहिल्या खर्ड्यात हे होतं: 'घरात भयाण शांतता पसरली होती. आईच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या. माझ्या काळजात चर्र झालं.'

पहिल्या खर्ड्यात असे वापरून गुळगुळीत झालेले शब्द येतात, येऊ द्या. तिथेच अडून बसलात तर कथा कधीच संपणार नाही. दुसऱ्या वाचनाला लाल पेन्सिल घ्या आणि वाक्याचा उरलेला भाग हाताने झाका. 'डोळ्यांच्या कडा' एवढं वाचून पुढचा शब्द आपोआप तोंडात आला, की खूण करा.

आता मी जिथे फसलो ते सांगतो. खुणा केल्या आणि प्रत्येक जागी नवी उपमा बसवली. शांतता 'ओल्या गोधडीसारखी' झाली, आईचे डोळे 'काठोकाठ भरलेला रांजण' झाले. चार दिवस खूश होतो. मग मित्राने वाचून विचारलं, 'पण झालं काय त्या संध्याकाळी?' तीन ओळींत दोन उपमा, आणि आई कुठे बसली होती तेसुद्धा कळत नव्हतं. जुना दागिना काढून नवा घातला होता, एवढंच. कार्यशाळेतल्या सरांनी 'प्रतिमा वापरा, प्रतिमा वापरा' असं डोक्यात भरवलं होतं, त्याचा हा परिणाम. समानार्थी शब्दांचा कोश तर या कामासाठी उघडूच नका. 'भयाण'च्या जागी 'भेसूर' मिळेल, बस्स.

शेवटी कथा बाजूला ठेवली आणि वेगळ्या कागदावर त्या संध्याकाळी खोलीत काय काय होतं ते नुसतं लिहीत गेलो. पहिलं आलं ते चहाचे दोन कप, आईने सवयीने भरलेले. हे मी सिनेमात पाहिलेलं होतं, घरात नाही. खोडलं. पहिलं सुचलेलं बहुधा उसनंच असतं. सातव्या-आठव्या ओळीला टीव्ही आठवला. अण्णांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज कायम ४२ वर. त्या संध्याकाळी आईने बातम्या लावल्या आणि सगळं घर दणाणलं. रिमोट तिच्या मांडीवर होता. तिने आवाज कमी केला नाही.

म्हणजे घरात शांतता नव्हतीच! गुळगुळीत शब्दाने माझ्याकडून चक्क खोटं लिहून घेतलं होतं. टीव्ही आल्यावर 'कडा' आणि 'चर्र' दोन्ही आपोआप गळाले. उपमा एकही लागली नाही.

सगळ्याच खुणांवर एवढा जीव काढू नका. 'तो घाईघाईने जिना उतरला' हे चालतं, तिथे वाचकाला थांबवायचंच नसतं. मला एका पानात असा एखादाच तपशील सापडतो, कधी तोही नाही. पूर्वी याचं फार वाईट वाटायचं.

आणि संवादाला पेन्सिल जपून लावा. माझ्या कथेत मावशी दारातच म्हणते, 'सोन्यासारखा माणूस गेला हो.' त्यावर खूण केली होती, नंतर पुसली. ती तेच म्हणाली होती, आणि टीव्हीच्या आवाजामुळे तिला ते दोनदा म्हणावं लागलं होतं.