पोच दिल्यावरही अर्जदारांची विचारणा थांबत नव्हती: माझा अनुभव

अर्ज स्वीकारताच आम्ही पोच देत असू, तरीही आठवडाभरात अर्जदार पुन्हा विचारत, "अर्ज मिळाला का, आता पुढे काय?" आवक क्रमांक ठळक केला, मग पोच ईमेलनेही पाठवली, फरक पडला नाही. प्रत्येक उत्तरासाठी तीच फाईल पुन्हा उघडणे फार थकवणारे होते.

खरी अडचण पोचेतील "15 दिवसांत निर्णय कळवू" या वाक्यात होती. अर्जदार हे दिवस अर्ज दिल्यापासून मोजत आणि आम्ही कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून. म्हणून पोचेचा मजकूर पुढील क्रमाने लिहिला आणि विचारणा जवळजवळ थांबली.

प्रथम मिळाल्याची तारीख आणि आवक क्रमांक, मग मिळालेल्या प्रत्येक कागदाचे नाव व पानांची संख्या, त्यानंतर अपुरे काय आणि ते कधीपर्यंत हवे, आणि शेवटी पुढची पायरी, तिची तारीख व संपर्क. नमुना असा:

"आपला अर्ज 3 जून रोजी मिळाला. आवक क्रमांक: ____. सोबत ओळखपत्राची प्रत (1 पान) आणि गुणपत्रिका (2 पाने) आहेत. पत्त्याचा पुरावा मिळालेला नाही. तो 10 जूनपर्यंत द्यावा. तो वेळेत मिळाल्यास छाननी होऊन 25 जूनपर्यंत निर्णय लेखी कळवू. तोपर्यंत पत्र न आल्यास 26 जूनला आवक क्रमांकासह छाननी विभागाशी संपर्क साधावा. ही पोच म्हणजे मंजुरी नव्हे."

दिवसांच्या संख्येऐवजी तारीख लिहिणे सर्वांत उपयोगी ठरले. मात्र कागद उशिरा आल्यास नव्या तारखेची सुधारित पोच त्याच दिवशी द्यावी लागते.