केमोमुळे पाय बधीर झालेत, आग होतेय? घरात पडणं, भाजणं कसं टाळायचं आणि त्रास कमी कसा करायचा

केमोच्या काही औषधांनी नसांना इजा होते. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, विनक्रिस्टीन, बोर्टेझोमिब ही त्यातली नेहमीची नावं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो, दोन्ही पायांना सारखाच, आणि मग मोजा घातल्यासारखा वर चढतो. मुंग्या, आग, सुया टोचल्यासारखं दुखणं हे पेशंट लगेच सांगतो, पण बधीरपणा दुखत नाही म्हणून तो सांगायचाच राहतो, आणि माझ्या मते घरात जास्त धोका या बधीरपणाचाच असतो.

समजा एका बाईंना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे, एकूण बारा डोस आहेत. सातव्या डोसनंतर बोटं बधीर वाटायला लागली, आणि एक दिवस चालता चालता पायातली सपाता निसटली तरी त्यांना कळलंच नाही, मागे वळून बघितलं तेव्हा ती दारात पडलेली दिसली.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना हे सांगणं. "पाय जरा दुखतात" एवढं सांगून भागत नाही. सपाता निसटलेली कळत नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, असं रोजच्या कामातलं सांगायचं, कारण डोस कमी करायचा, पुढे ढकलायचा की औषध बदलायचं हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. बरेच जण डोस कमी होईल या भीतीने गप्प बसतात, कृपा करून तसं करू नका, नसेला एकदा जास्त इजा झाली की ती भरून यायला महिने लागतात आणि कधी कधी थोडा बधीरपणा कायमचा राहतो. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिनमध्ये तर केमो संपल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढत जाऊ शकतो, तेव्हा "आता केमो संपली, बघू" असं म्हणून थांबू नका.

आता घरातलं. आधी रात्रीचा बेड ते बाथरूम हा रस्ता नीट करा. पाय जमिनीवर कुठे आणि कसा टेकलाय हे तळव्याच्या आणि घोट्याच्या नसा मेंदूला सांगत असतात, त्या गप्प झाल्या की माणूस नकळत डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो, म्हणून दिवसा ठीक चालणारा माणूस अंधारात लडखडतो. तोंड धुताना डोळे मिटले तरी तोल जातो तो याचमुळे, तेव्हा बेसिनपाशी एक हात कडेला धरूनच ठेवायचा. वरच्या उदाहरणातल्या बाईंसाठी मी काय करेन ते सांगतो: बेडवरून हात पोचेल असा दिवा, पॅसेजमध्ये जमिनीजवळ रात्रभर जळणारा छोटा नाइट लॅम्प, वाटेतली पायपुसणी आणि चार्जरच्या वायरी हलवायच्या, बाथरूममध्ये न घसरणारी मॅट, कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्कं बसवलेलं हँडल, आणि अंघोळ स्टुलावर किंवा खुर्चीवर बसून. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय असेल तर ती मोडा, ती दांडी माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतेच. आणि झोपेतून उठल्यावर लगेच चालायला लागू नका, मिनिटभर काठावर बसा, घोटे वरखाली हलवा, मग उभं राहा.

गरम पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आग होते किंवा पाय गार वाटतात म्हणून लोक गरम पाण्यात पाय सोडून बसतात आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. बधीर पायाला चटका कळत नाही. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम मिसळा, आणि पाणी पायाने कधीच तपासू नका. हाताची बोटंही बधीर असतील तर बोटांनीही नको, कोपराने बघा किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला बघू द्या. थर्मामीटर असेल तर ३७-३८ डिग्री सेल्सिअस पुरे. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड पायाला अजिबात नको, पाय गार पडत असतील तर सैल मोजे घाला. बर्फही थेट लावू नका, आणि ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर डोसनंतरचे काही दिवस थंड वस्तू आणि थंड फरशी दोन्हींपासून लांबच राहा, त्यात थंडीनेच मुंग्या आणि कळा येतात.

घरातही अनवाणी फिरायचं नाही. पुढून बंद, टाचेला पट्टा असलेली, रबरी सोलची चप्पल किंवा बूट घ्या, खूप जाड आणि मऊ सोल नको, त्याने जमिनीचा उरलासुरला अंदाजही जातो. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा आणि आत बघायचं, कारण खडा गेला असेल तर तो टोचणारच नाही. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग काढून पाय बघा, कुठे लाल झालंय आणि ती लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बूट तिथे दाबतोय.

रोज रात्री पाय तपासा, तळवा, टाच, बोटांच्या मधल्या जागा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. मोजे फिकट रंगाचे असले की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा लहानशी जखमही चिघळू शकते, म्हणून जखमेभोवती लाली, सूज, पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा, आणि ३८ डिग्री किंवा जास्त ताप आला तर रात्र असली तरी थांबू नका, हॉस्पिटलला फोन करा.

दुखण्यावर गोळ्यांचं म्हणाल तर या त्रासासाठी त्यातल्या त्यात चांगला पुरावा ड्युलोक्सेटिनचा आहे. साधारण ३० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ६० करतात, पण ते डॉक्टरनेच लिहून द्यायचं, कारण टॅमोक्सिफेन चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर विचार करावा लागतो, आणि बंदही एकदम करायचं नसतं. त्याने दुखणं कमी होतं, बधीरपणा जाईल अशी आशा धरू नका, म्हणजे गोळी लागू पडली तरी वरची सगळी काळजी चालूच ठेवायची. नसांसाठी म्हणून स्वतःच्या मनाने व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ नका, बी सिक्स जास्त घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात, आणि ॲसिटिल एल कार्निटिनने केमोच्या पेशंटमध्ये हा त्रास वाढल्याचं दिसलंय.

रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल तर पायाच्या दोन्ही बाजूंना उशा ठेवून चादर वर उचलून धरा. दिवसा ओट्याला किंवा जड टेबलाला दोन्ही हातांनी धरून टाचा वर उचलायच्या, मग एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं, डोळे उघडे ठेवून आणि जवळ कोणीतरी असताना. जमेल तसं रोज करा, आणि फिजिओथेरपिस्ट मिळाला तर त्याच्याकडून नीट शिकून घ्या.

पण हा त्रास हळूहळू आणि दोन्ही पायांना सारखा वाढतो हे पक्कं लक्षात ठेवा. एकदम पायातली ताकद गेली, पाठ जोरात दुखायला लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधीर झाली तर मणक्यात नसांवर दाब आलेला असू शकतो, आणि एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल तर रक्ताची गाठ असू शकते. दोन्हीत पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीला जायचं.