राजगडावरून तोरणा: धुरकट हवेत मोबाइलवर दूरचा डोंगर कसा टिपावा

राजगडाच्या संजीवनी माचीवरून पश्चिम-वायव्येला पाहिलं की तोरणा अगदी समोर ठाकलेला दिसतो. हवाई अंतर जेमतेम सात किलोमीटर. पण मोबाइल काढून फोटो घ्यावा, तर हाती लागतो तो पांढुरक्या आभाळाखालचा एक निळसर उंचवटा. असं होण्यामागे हवा, उजेडाची दिशा आणि आपली उभं राहण्याची जागा, अशी तीन कारणं असतात. हवा आपल्या हातात नाही. बाकी दोन गोष्टी बऱ्याच अंशी आहेत.

आधी सूर्य कुठे आहे ते पाहा

हवेतले धुळीचे, धुराचे आणि बाष्पाचे कण उजेड विखुरतात. डोंगर आणि आपल्यामध्ये जितकी जास्त हवा, तितका हा विखुरलेला उजेड डोंगराच्या रंगावर चढतो आणि काळ्या सावल्या राखाडी होतात. हे कण उजेड सगळीकडे सारखा फेकत नाहीत. उजेड ज्या दिशेला चाललेला असतो, त्याच दिशेला ते त्याला बराचसा पुढे ढकलतात. म्हणून सूर्याच्या बाजूला पाहिलं की धुरकटपणा दाट वाटतो आणि सूर्याकडे पाठ केली की तीच हवा बरीच स्वच्छ भासते.

सकाळी संजीवनीवर उभे असाल तर सूर्य पाठीमागे असतो. तोरणा तेव्हा स्पष्ट दिसतो, रंगही खरे येतात. पण उजेड थेट समोरून पडत असल्यामुळे घळी आणि सोंडा यांच्या सावल्या डोंगराआडच लपतात आणि सगळा कडा सपाट दिसतो. संध्याकाळी नेमकं उलट. आकार उठून दिसतात, पण धुरकटपणा चकाकू लागतो.

मला सर्वांत आवडते ती मधली वेळ, डिसेंबर-जानेवारीतले चार ते साडेपाच. थंडीत सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, म्हणजे तोरण्याच्या बराच डावीकडे. उजेड बाजूने येतो, एकेक सोंड उजळते आणि तिच्या शेजारची घळ काळवंडते. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळपास तोरण्याच्याच अंगाला उतरतो. त्यात धूळ आणि वणव्यांचा धूर यांची भर पडते. तेव्हा कड्याचे तपशील मिळवायचा हट्ट सोडावा आणि एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या धारांचा फोटो घ्यावा. सगळ्यांत धुतलेली हवा मिळते ती पावसाळा संपतानाच्या मोठ्या सरीनंतर, एखाद-दुसऱ्या दिवसात.

आभाळ पूर्ण भरलेलं असेल तर बाजूचा उजेड मिळतच नाही. अशा वेळी चौकटीतून पांढरं आभाळ जवळजवळ काढून टाका आणि तटबंदीचा काळा दगड पुढे घ्या. जवळ काहीतरी खरोखर काळं असलं की लांबचा फिकटपणा दोष वाटत नाही, अंतर वाटतो. ढग फुटलेले असतील तर मात्र थांबा. ढगाची सावली मागच्या रांगेवर आणि ऊन तोरण्यावर, अशी दोन-चार मिनिटं बहुधा मिळतात.

मग लेन्स

आधी लेन्स पुसा. घामाचं किंवा सनस्क्रीनचं बोट लागलेलं असेल तर स्वच्छ हवेतही धुरकं दिसतं. ऊन बाजूने असेल तर लेन्सवर तळहाताची सावली धरा, तळहात चौकटीत येणार नाही इतकंच पाहा.

0.5x वर डोंगर मुंगीएवढा होतो. 2x किंवा 3x घ्या, पण ती झूम खरी आहे की कापून मोठी केलेली, हे तपासा. झूम लावून मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, ती चालू आहे. उजेड कमी झाला की काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवर येतात, त्यामुळे संध्याकाळी ही तपासणी पुन्हा करा. कापलेल्या झूममध्ये धुरकट कडा जलरंगासारखा फासटलेला येतो. तो नंतर सुधारत नाही.

डोंगराचा मोठेपणा कुठून येतो

बहुतेकांचा फोटो इथेच फसतो. मित्र पाच मीटरवर उभा राहतो, हात पसरतो आणि मागचा तोरणा त्याच्या गुडघ्याएवढा दिसतो. थोडा हिशोब करू. दरीपासून माथ्यापर्यंत तोरण्याची दिसणारी उंची ढोबळमानाने 600 मीटर धरू, अंतर 7000 मीटर. उंचीला अंतराने भागलं की आले सुमारे 0.086. मित्राची उंची 1.7 मीटर. तो पाच मीटरवर असेल तर 0.34, म्हणजे फोटोत मित्र डोंगराच्या चौपट. वीस मीटरवर दोघे बरोबरीचे. साठ मीटरवर 0.028, म्हणजे डोंगर मित्राच्या तिप्पट.

हे गुणोत्तर झूमने बदलत नाही, फक्त तुमच्या मित्रापासूनच्या अंतराने बदलतं. म्हणून आधी अंतर वाढवायचं, मग झूम करून चौकट भरायची. संजीवनी माची लांबलचक असल्यामुळे साठ मीटर सहज मिळतात. मात्र मित्राला तटाच्या कडेवर चढवू नका, आणि फोनकडे बघत तुम्हीही उलटे चालू नका. थांबा, मागे वळून जागा बघा, तिथे जा, मगच फोन वर करा.

मित्राने लाल किंवा केशरी घातलेलं बरं, निळसर पार्श्वभूमीवर ते लगेच दिसतं. डोकं काळ्या दगडावर न येता फिकट रांगेवर यावं, यासाठी तुम्ही थोडं खाली बसा किंवा वर चढा. तो चालताना बाजूने टिपलात तर इतक्या लहान आकारातही माणूस आहे हे कळतं.

एक्सपोजर आणि नंतरची सफाई

तोरण्याच्या कड्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा, जिथे मागच्या रांगा वेगळ्या दिसू लागतात तिथवर. फोन सावल्या आपणहून उजळतो आणि त्यातच रांगांमधला फरक पुसला जातो. प्रो मोडमध्ये रॉ फाइल मिळत असेल तर तीही घ्या.

एडिटिंग उन्हात करू नका. पडदा फिका दिसतो आणि हात सैल सुटतो. घरी आल्यावर आधी `Black point` थोडा वाढवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नंतर लागलं तर लाइटरूममधलं `Dehaze`, पण मास्क लावून फक्त डोंगरावर. संपूर्ण फोटोवर लावलं तर मित्राचा चेहरा काळवंडतो. माथ्याच्या रेषेला पांढरी किनार दिसू लागली, लांबची रांग जांभळी झाली किंवा आभाळात रवाळ ठिपके आले, तर स्लायडर जिथे असेल त्याच्या निम्म्यावर आणा. तरीही किनार जात नसेल तर रंग काढून फोटो कृष्णधवल करा आणि निळ्या रंगाचा स्लायडर खाली न्या. धुरकटपणा बराचसा निळा असेल तरच हे चालतं. धुळीच्या पांढऱ्या पडद्यावर त्याचा उपयोग होत नाही.